टेम्पो भरला, डिपॉझिटचं काय?

खाली टेम्पोत फ्रिज चढतोय. वर रिकाम्या झालेल्या हॉलमध्ये घरमालक आणि भाडेकरू समोरासमोर उभे आहेत. मालक स्वयंपाकघरात जातात, गॅसवरच्या चिमणीच्या जाळीवर बोट फिरवतात आणि ते बोट अंगठ्यावर घासून बघतात. मग बेडरूमच्या भिंतीकडे वळतात. "सगळं रंगवून घ्यावं लागणार," ते म्हणतात. "काका, आम्ही आलो तेव्हाही हे डाग होतेच," भाडेकरू म्हणतो. कदाचित दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतील. पण तीन वर्षांपूर्वी ही भिंत कशी दिसत होती, हे दाखवायला दोघांकडेही काही नसतं. आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो.

मुलांच्या शाळा सुरू होण्याआधी घर बदलायचं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हा प्रसंग हमखास घडतो. भांडण बहुतेक वेळा चार गोष्टींवरून होतं: स्वच्छता, चाव्या, शेवटची बिलं आणि डिपॉझिट परत मिळण्याची तारीख. पहिल्या तीन गोष्टी नीट झाल्या तर चौथीवर वाद घालायला फारसं उरत नाही. म्हणून निघायच्या दिवसापासून मागे मोजत, महिनाभर आधीच कामाला लागायला हवं.

आधी करार उघडा

महाराष्ट्रात राहती घरं बहुधा लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी झालेली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. मालकांनी लक्षात ठेवावी अशी ही तरतूद आहे.

भाडेकरूने लक्षात ठेवायचं ते कलम २४. करार संपल्यावरही जो घर सोडत नाही, त्याच्याकडून ठरलेल्या लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. "नवीन घराचं फर्निचर व्हायचंय, आठ दिवस इकडेतिकडे होतील" असं वाटत असेल, तर त्या आठ दिवसांची मुभा मालकाकडून आधी लेखी घ्यावी. व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट होकार हा तोंडी होकारापेक्षा केव्हाही चांगला.

करारात तीन गोष्टी शोधायच्या असतात. मुदतीआधी निघत असाल तर नोटीस किती दिवसांची आणि लॉक-इन काळ संपला आहे का. घर सोडताना रंग किंवा सफाईसाठी ठरावीक रक्कम कापायचं कलम आहे का. आणि डिपॉझिट कधी परत द्यायचं. हे तिसरं कलम सगळ्यात महत्त्वाचं. ताबा देताच परत, पंधरा दिवसांत परत, महिन्याभरात परत, असे वेगवेगळे शब्द करारांमध्ये आढळतात, आणि जे लिहिलंय त्यावर सही झालेली असते. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं आणि वजावट करून उरलेली रक्कम ताबा घेतानाच परत द्यावी, असं म्हटलं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा करून तो स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर न राहता आपला करार वाचायचा.

पुष्कळ भाडेकरू इथे एक शॉर्टकट घेतात. शेवटचे दोन महिने भाडंच द्यायचं नाही, "डिपॉझिटमधून वळतं करा" म्हणून सांगायचं. आधीच्या मालकाने पैसे बुडवले असतील तर ही भीती समजण्यासारखी आहे. पण मालकाच्या संमतीशिवाय असं करणं म्हणजे करार मोडणं. मग मालकही कापाकापीला मोकळा होतो आणि पुढच्या प्रत्येक वादात भाडेकरूची बाजू लंगडी पडते. मालकच म्हणाला, "शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापू", तर हरकत नाही. ते तेवढं लिहून घ्यावं.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ?

कोणी म्हणतं झाडून-पुसून दिलं की झालं, कोणाला घर कोऱ्या फ्लॅटसारखं हवं असतं. याचं माप जुन्या कायद्यातच सापडतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याचं कर्तव्य सांगितलं आहे: जागा ज्या स्थितीत मिळाली त्याच स्थितीत परत द्यायची, मात्र वाजवी वापराने झालेली झीज सोडून. लिव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे, पण त्या करारांतही बहुधा हेच शब्द असतात. म्हणजे माप आहे ते राहायला आलात त्या दिवसाचं. त्या दिवशीचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर ते शोधून एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. तारखेसकट असलेले ते फोटो हा भाडेकरूचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

झीज आणि नुकसान यांतला फरक उदाहरणांनी पटकन कळतो. तीन वर्षांत उन्हाने पडद्यामागचा रंग फिका पडला, ही झीज. सोफा टेकून भिंतीला पट्टा उमटला, नळाचा वॉशर झिजला, बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपून पोपडे आले, यातलं काहीच भाडेकरूच्या पदरात टाकता येत नाही. पण पोरांनी भिंतीवर स्केच पेनने आगगाडी काढली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ओढताना रंगासकट पुट्टी निघाली, ओट्याचा ग्रॅनाइट जड पातेलं पडून कोपऱ्यावर फुटला, तर ते नुकसान. ते दुरुस्त करून द्यावं किंवा त्याचे पैसे द्यावेत. ओल आली असेल तर ती आली त्याच पावसाळ्यात मालकाला फोटोसह कळवलेली असावी. घर सोडताना पहिल्यांदा दाखवलेली ओल वादाला आमंत्रण देते.

सफाईत मालकाची नजर कुठे जाते ते आता ठरल्यासारखं आहे. स्वयंपाकघरातली चिमणी आणि एक्झॉस्ट फॅन, ओट्याखालचे कप्पे, बाथरूमच्या टाइल्सवरचे क्षारांचे पांढरे थर, सरकत्या खिडक्यांच्या खाचा, माळा आणि बाल्कनी. चिमणीची जाळी काढून कडकडीत गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवली की साठलेला तेलकट थर बराचसा सुटतो. मग जुन्या टूथब्रशने घासायचं. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोड्याने ती काळवंडते, तिथे भांड्यांचा लिक्विड साबणच बरा. फॅनची पाती पुसण्याआधी मेन स्विच बंद करावा.

खरा घोटाळा होतो तो बाथरूममध्ये. बोअरच्या पाण्याचे डाग जात नाहीत म्हणून शेवटच्या दिवशी ॲसिड ओतलं जातं. सिरॅमिक टाइल ते बऱ्यापैकी सोसते. पण मार्बल, मोझॅक किंवा शहाबादी फरशीवर ॲसिड पडलं की चुन्याचा अंश असलेला दगड खरवडला जातो, चकाकी कायमची जाते आणि डागाच्या जागी नुकसान उभं राहतं. स्टीलचे नळही काळे पडतात. थर पातळ असेल तर लिंबाचं सत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात घालून टाइल्सवर लावावं, पंधरा मिनिटांनी घासून धुवावं, मार्बलपासून मात्र तेही लांब ठेवावं. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

खिळ्यांची भोकं व्हाइट सिमेंट किंवा तयार पुट्टीने बुजवून, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला की दिसेनाशी होतात. वरून रंगाचा ठिपका देताना मात्र जपावं. शेड जुळली नाही तर तो ठिपका भोकापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो. घरात उरलेला मूळ रंगाचा डबा मालकाकडे आहे का, ते विचारून घ्यावं.

मीटरचा फोटो

बिलांचा घोळ होतो, कारण बिलाची तारीख आणि निघायची तारीख कधीच जुळत नाही. विजेचं बिल महिन्याला येतं, पाइप गॅसचं सहसा दोन महिन्यांनी. शेवटचं बिल येईल तेव्हा भाडेकरू गावात नसतो, आणि त्या बिलात नव्या भाडेकरूचे युनिटही मिसळलेले असतात. मग मालक अंदाजाने मोठी रक्कम धरून ठेवतात. त्यांचीही बाजू आहे: मीटर त्यांच्या नावावर, थकबाकीची नोटीस त्यांनाच येणार.

उपाय साधा आहे. निघायच्या दिवशी, मालकाच्या देखत, वीज आणि गॅस दोन्ही मीटरचे फोटो काढायचे. फोटोत आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही वाचता आले पाहिजेत, कारण सोसायटीच्या मीटररूममध्ये चाळीस मीटर शेजारी शेजारी असतात आणि दुसऱ्याच मीटरचा फोटो काढल्याची उदाहरणं कमी नाहीत. विजेचं डिजिटल मीटर एकामागून एक वेगवेगळे आकडे दाखवतं. आपल्याला हवा तो kWh लिहिलेला. मागच्या बिलावरचं रीडिंग त्यातून वजा केलं की आपले युनिट मिळतात. मागचं बिल खऱ्या रीडिंगवर आहे की सरासरीवर, तेही पाहावं. घराला किंवा मीटररूमला कुलूप असल्याने बिल सरासरीवर निघालं असेल, तर पुढच्या बिलात फरक येतो आणि हिशोब चुकतो.

दर युनिटला किती, यावर मोठी डोकेफोड नको. विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात आणि त्यात स्थिर आकारही असतो, म्हणून मागच्या बिलाची एकूण रक्कम भागिले त्या बिलातले युनिट, ही सरासरी दोघांनाही मान्य व्हायला हरकत नसते.

सिलिंडर स्वतःच्या नावावर असेल आणि गाव बदलत असाल, तर रिकामा सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं. कनेक्शन घेताना भरलेलं डिपॉझिट तिथे परत मिळतं आणि ते व्हाउचर दाखवून नव्या गावी कनेक्शन घेता येतं. यासाठी मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर लागतं, ते सामान बांधण्याआधी शोधावं. इंटरनेटवाल्याचा राउटरही परत करून पोच घ्यावी, आणि सोसायटीच्या ऑफिसात सामान हलवण्याचा दिवस कळवून त्यांचं ना-हरकत पत्र लागतं का ते विचारावं.

चाव्या म्हणजे ताबा

चाव्या देणं ही सगळ्यांना किरकोळ बाब वाटते. पण घर कोणत्या दिवशी सुटलं, हे चाव्या कोणाच्या हातात कधी पडल्या त्यावरून ठरतं. भाडं त्या दिवसापर्यंत चालू आणि डिपॉझिटचे दिवस त्या दिवसापासून मोजायचे. म्हणूनच "वॉचमनकडे ठेवल्यात" हे चालत नाही. वॉचमनने त्या चार दिवसांनी दिल्या, तर ते चार दिवस कोणाचे?

आलात तेव्हा जितक्या चाव्या मिळाल्या तितक्या परत जायला हव्यात: मुख्य दाराच्या सगळ्या, सेफ्टी डोअरच्या, बेडरूमच्या, टपालपेटीची, कपाटांच्या, शिवाय गेटचं कार्ड आणि गाडीवरचा सोसायटीचा टॅग. मधल्या काळात बाईंसाठी किंवा आई-वडिलांसाठी करून घेतलेली जादा चावीही द्यावी. एखादी हरवली असेल तर आधीच सांगावं. त्यासाठी पूर्ण कुलूप बदलावं लागतं की नुसता आतला सिलिंडर, हे चावीवाल्याला विचारून खर्च ठरवता येतो.

या चाव्यांच्या बदल्यात घ्यायची ती ताबा पावती. एका साध्या कागदावर चार-पाच ओळी पुरतात: फ्लॅटचा पत्ता, तारीख आणि वेळ, चाव्या-कार्डांची संख्या, दोन्ही मीटरची रीडिंग, डिपॉझिटची रक्कम, मान्य झालेली वजावट आणि उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या खात्यात जमा होईल ते. खाली दोघांच्या सह्या, दोघांकडे फोटो. मालक परदेशी असेल, आणि पुण्यात असे मालक भरपूर आहेत, तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवून घ्यावं आणि चाव्या कोणाकडे द्यायच्या ते त्याच्याकडून मेलवर मागून घ्यावं. मालक यायलाच टाळाटाळ करत असेल, तर घर रिकामं असल्याचे फोटो काढून "चाव्या अमुक तारखेला द्यायला तयार आहे" असं मेलने आणि स्पीड पोस्टाने कळवावं, म्हणजे पुढे तारखेवरून वाद झाला तर हातात कागद राहतो.

साठ हजारांचा हिशोब

आता एक उदाहरण पुरतं सोडवून पाहू. समजा, कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, डिपॉझिट ६०,००० रुपये, करार ३१ मे रोजी संपतो, डिपॉझिट पंधरा दिवसांत परत करायचं आहे. कुटुंब तीन वर्षं राहिलं. रंग ते आले तेव्हा ताजा होता. करारात रंगासाठी वेगळी रक्कम कापायचं कलम नाही. मालक म्हणतात: संपूर्ण घराचा रंग १८,०००, सफाई ४,५००, बाथरूममधलं काचेचं शेल्फ ९००, आणि बिलांपोटी अंदाजे ३,०००. एकूण २६,४०० कापणार.

एकेक बाब घेऊ. तीन वर्षांत फिका पडलेला रंग ही झीज आहे, त्यामुळे पूर्ण रंगाचा खर्च भाडेकरूवर बसत नाही. मात्र मुलांच्या खोलीतल्या एका भिंतीवर टेपने पुट्टी निघाली आहे. तेवढ्या भिंतीचा पुट्टी-रंग करायला रंगारी २,५०० मागतो, ते भाडेकरूचे. सफाई भाडेकरूने करून दिली, मालकांनी पाहिली आणि पावतीवर तसं लिहिलं, म्हणून शून्य. शेल्फ त्यांच्याकडूनच फुटलं, ९०० मान्य.

विजेचं १२ मेचं रीडिंग ६,४१८ होतं आणि ते बिल भरलेलं आहे. ३१ मेला मीटर ६,५१२ दाखवतं, म्हणजे ९४ युनिट. मागचं बिल १५५ युनिटला १,३९५ रुपये, म्हणजे सरासरी ९ रुपये. ९४ गुणिले ९, ८४६ रुपये. गॅसचं मागचं बिल २४ युनिटला १,३२०, सरासरी ५५. त्यानंतर ९ युनिट वापरले, ४९५ रुपये. सगळं मिळून वजावट ४,७४१. परत मिळायचे ५५,२५९ रुपये, १५ जूनपर्यंत. २६,४०० आणि ४,७४१ यांतला फरक दोन मीटरचे फोटो, आल्या दिवशीचे फोटो आणि रंगाऱ्याचा एका भिंतीचा भाव यांनी पाडला आहे.

करारात "घर सोडताना रंगासाठी एका महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं लिहिलं असतं, तर हिशोब वेगळा झाला असता. सही केलेल्या कलमापुढे झीज आणि नुकसानीचा वाद टिकवणं अवघड जातं. म्हणून हे कलम घर घेतानाच कमी करून किंवा काढून घ्यायचं असतं.

तारीख उलटली तर

ठरलेला दिवस गेला आणि पैसे आले नाहीत, तर फोन करत राहण्यापेक्षा लेखी मागणी करावी. मेलमध्ये ताबा पावती, मीटरचे फोटो आणि वरच्यासारखा हिशोब जोडून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. मालकाने एखादी रक्कम कापली असेल, तर त्या खर्चाची पावती मागावी. तोंडी अंदाजाला उत्तर देत बसू नये. तरीही हालचाल नसेल तर वकिलाची नोटीस. कोर्टात जाण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दावापूर्व तडजोड किंवा लोकअदालतीत प्रकरण नेता येतं. छोट्या रकमांसाठी तो मार्ग कमी खर्चाचा आहे. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, पण तोवर थांबू नये. महिने जातात तसे फोन बदलतात, चॅट पुसल्या जातात, आणि नवा भाडेकरू आलेल्या घरात जुनी स्थिती दाखवता येत नाही.

घर सोडायला अजून महिना असेल, तर आज रात्री कपाटातून करार काढा आणि डिपॉझिटचं कलम वाचा. त्यात परतीची तारीख लिहिलेली नसेल, तर ती मालकाशी बोलून ठरवा आणि चाव्या देण्याआधी ताबा पावतीवर लिहून घ्या.